नऊशे रुपये जास्त उरले तेव्हा : नवाच्या ताळ्याचे एक प्रकरण

हे प्रकरण कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवरचे आहे. हिशेब हातानेच मांडले जात आणि शेतकऱ्याचे पैसे लिलावानंतर रोख मोजून दिले जात, तेव्हाची ही गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार आवारातील त्या पेढीवर मी दिवाणजींच्या हाताखाली होतो. दिवाणजींना सगळे अण्णा म्हणत. वजन आणि दर यांचा गुणाकार करून हिशेबपट्टी तयार करण्याचे काम त्यांच्याकडे होते. पट्टीवरची रक्कम कीर्दीत उतरवून दिवसाची बेरीज करणे आणि तेवढी रोकड तिजोरीतून काढून घेणे हे काम माझ्याकडे होते. त्या दिवशी आठ गाड्यांची खरेदी झाली. बेरीज दोनदा तपासली, ताळा जुळला, आणि तरीही शेवटच्या शेतकऱ्याचे पैसे दिल्यावर गल्ल्यात नऊशे रुपये उरले.

पैसे कमी पडले की आरडाओरडा होतो; जास्त उरले की नवखा माणूस गप्प बसण्याची शक्यता असते. अण्णांच्या लेखी दोन्ही सारखेच होते, किंबहुना जास्त उरणे अधिक वाईट, कारण त्याचा एक अर्थ कुणा शेतकऱ्याला नऊशे रुपये कमी गेले असाही होतो.

अण्णांची पद्धत अशी होती की प्रत्येक पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने एक बारीक आकडा लिहीत. तो त्या रकमेचा नवशेष, म्हणजे रकमेला नवाने भागल्यावर उरणारी बाकी. ती काढण्यासाठी भागाकार करावा लागत नाही. रकमेतले अंक एकमेकांत मिळवायचे, बेरीज दोन अंकी आली तर तिचेही अंक पुन्हा मिळवायचे, आणि नऊ आले तर ते शून्य धरायचे. सराव झाल्यावर माणूस मिळवतही बसत नाही. नऊ होणारे अंक दिसले की ते तो नजरेनेच बाजूला टाकतो. ६५,३३५ मध्ये सहा आणि तीन गेले, उरलेले पाच, तीन, पाच मिळून तेरा, म्हणजे चार. ३८,१३३ मध्ये आठ आणि एक गेले, तीन तिया नऊ गेले, हाती काही उरले नाही.

असे का होते ते अण्णांनी मला नाण्यांच्या भाषेत सांगितले होते, आणि त्याहून सोपे स्पष्टीकरण मला नंतरही कुठे मिळाले नाही. दहा रुपयांतून नवाचा एक गठ्ठा काढला तर एक रुपया उरतो. शंभरातून नवाचे अकरा गठ्ठे काढले तरी एकच उरतो, हजारातूनही एकच. त्यामुळे सात हजारांतून सात उरतात, आठशेंतून आठ उरतात, आणि अंक कोणत्या घरात बसला आहे याने बाकीत काहीही फरक पडत नाही. या शेवटच्या वाक्यातच पद्धतीची सारी सोय आहे, आणि त्या दिवशीचा घोटाळाही त्याच वाक्यातून आला.

पट्ट्यांवरच्या आठ रकमा आणि त्यांच्या कोपऱ्यातले शेष असे होते :

पहिली : ३०,२५८ (शेष ०)
दुसरी : ३८,१३३ (शेष ०)
तिसरी : १४,४३० (शेष ३)
चौथी : ५७,८७६ (शेष ६)
पाचवी : ४२,८८१ (शेष ५)
सहावी : २५,३३१ (शेष ५)
सातवी : ३३,७७७ (शेष ०)
आठवी : ६५,३३५ (शेष ४)

शेषांची बेरीज २३, तिचा शेष ५. म्हणजे दिवसाच्या एकूण रकमेचा शेष पाच यायला हवा.

मी कीर्दीत आठही रकमा उतरवल्या आणि बेरीज केली. ती ३,०८,८२१ आली. अंक मिळवले तर २२, म्हणजे चार. पाच हवे होते. अण्णांनी कीर्दीकडे न बघताच सांगितले, “एकाने कमी आलाय, हातचा गेला असेल बघ.” हा तर्क कसा चालतो हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या घरातून पुढच्या घरात न्यायचा हातचा एकाने कमी धरला, तर बेरीज दहाने, शंभराने, हजाराने किंवा दहा हजाराने कमी येते. पण या प्रत्येक संख्येतून नवाचे गठ्ठे काढले की एकच उरतो, म्हणून चूक कोणत्याही घरात झाली तरी शेष बरोबर एकाने कमी येतो. हातच्याची चूक या ताळ्यातून निसटू शकत नाही. ती कोणत्या घरात झाली हे मात्र ताळा सांगत नाही. ते शोधायला बेरीज पुन्हा खालून वर करावी लागते. मी तशी केली. दहं स्थानाची बेरीज ४२ होती, हातचा चार न्यायचा होता, तो मी तीन नेला होता. दुरुस्त बेरीज ३,०८,९२१ झाली. तिचे अंक २३, शेष पाच. ताळा जुळला.

तेवढ्यावर मी तिजोरीतून तीन लाख आठ हजार नऊशे एकवीस रुपये काढून घेतले. शेतकऱ्यांचे पैसे मात्र कीर्द पाहून नव्हे, तर ज्याची त्याची पट्टी पाहून मोजले गेले. आठही जण सह्या करून गेले आणि नऊशे रुपये मागे राहिले.

अण्णांनी आधी सह्या केलेल्या आठ पट्ट्या पुढे घेतल्या आणि त्यांवरच्या रकमांची बेरीज स्वतः केली. ती ३,०८,०२१ आली. म्हणजे दिलेले पैसे पट्ट्यांप्रमाणे बरोबर होते, शेतकऱ्याचे काही बुडाले नव्हते, आणि नऊशेचा फरक कीर्दीत होता. ३,०८,०२१ चे अंक १४, शेष पाच. ३,०८,९२१ चाही शेष पाच. दोन्ही बेरजा एकाच ताळ्याला उतरत होत्या आणि त्यांतली एक चुकीची होती.

यापुढचा शोध अण्णांनी एक मिनिटात लावला, आणि तो ज्या रीतीने लावला ती रीत जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला वाटते. फरक आला की तो पहिल्यांदा नवाने भागून पाहायचा. नवाने निःशेष भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय धरायचा. शेजारच्या दोन घरांतले अंक उलटसुलट झाले तर पडणारा फरक एकं-दहंच्या जोडीत नवाच्या पटीत असतो, दहं-शतंच्या जोडीत नव्वदाच्या पटीत, शतं-सहस्रच्या जोडीत नऊशेच्या पटीत. आणि कितीपट, हे त्या दोन अंकांमधल्या अंतरावर ठरते. एकं-दहंच्या जोडीत फरक ८१ च्या पुढे जाऊ शकत नाही आणि दहं-शतंच्या जोडीत ८१० च्या पुढे, कारण दोन अंकांत नवाहून जास्त अंतर नसते. त्यामुळे शेजारच्या अंकांची एकच अदलाबदल झाली असेल, तर नऊशेचा फरक फक्त शतं आणि सहस्र या घरांतून येऊ शकतो, आणि त्या घरांतल्या अंकांत एकाचेच अंतर असायला हवे. कीर्दीतली रक्कम फुगली होती, तेव्हा कीर्दीत सहस्राचा अंक शतंच्या अंकापेक्षा एकाने मोठा असलेली ओळ शोधायची. आठ ओळींत अशी एकच होती : चौथी. पट्टीवर ५७,८७६ होते आणि मी ५८,७७६ लिहिले होते.

फरक नवाने भागला गेला म्हणजे अदलाबदल झालीच, असे मात्र नाही. शतं स्थानी शून्याच्या जागी नऊ वाचला गेला असता तरी फरक नऊशेच आला असता, आणि एखाद्याला खरोखर नऊशे कमी मोजून दिले असते तरीही. म्हणूनच अण्णांनी आधी सह्यांच्या पट्ट्यांची बेरीज केली आणि मगच कीर्दीतली ओळ शोधली. त्यांनी हा क्रम उलटा केला असता तर मला ते घाईचे वाटले असते.

आता ताळा फसला का, याकडे वळू. ताळा त्याच्या कामात फसला नाही. कीर्दीत जे आठ आकडे होते त्यांची बेरीज ३,०८,९२१ हीच होती. नवाचा ताळा बेरजेची तपासणी करतो, उतरवून घेतलेल्या आकड्यांची नाही, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण आमच्या पद्धतीत शेष कीर्दीवरून काढलेले नव्हते, ते मूळ पट्टीच्या कोपऱ्यातून घेतलेले होते, आणि त्यामागचा हेतूच असा होता की नक्कल करताना आकडा चुकला तर तोही पकडला जावा. मी सात ऐवजी चार लिहिला असता तर तो पकडला गेलाच असता. ५७,८७६ आणि ५८,७७६ यांत मात्र अंक तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत, आणि अंकाची जागा विसरणे हाच तर या ताळ्याचा पाया आहे.

इथे मराठीच्या बोलण्याबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण शहात्तर म्हणतो तेव्हा आधी सहा ऐकू येतो आणि मग सत्तर, पण लिहिताना सात आधी येतो. रकमा कुणी तोंडी सांगत असेल आणि दुसरा लिहून घेत असेल, तर ६७ आणि ७६ यांची गल्लत आपल्याकडे सहज होते. एकं-दहं आणि सहस्र-दशसहस्र या दोन जोड्यांत, कारण संख्यावाचनात तेच अंक जोडीने उच्चारले जातात. माझी चूक कानाची नव्हती, डोळ्यांची होती : “सत्तावन्न हजार आठशे” असे कुणी सांगितले असते तर मी “अठ्ठावन्न हजार सातशे” लिहिले नसते. पण दोन्ही प्रकारच्या चुका नवाच्या ताळ्याला सारख्याच अदृश्य असतात, आणि रकमा तोंडी सांगून उतरवण्याची पद्धत जिथे आहे तिथे हा ताळा ज्या चुकीवर हवा नेमका तिलाच तो आंधळा आहे.

यानंतर काही दिवस मला आठ पट्ट्या घेऊन मुद्दाम चुका करून बघण्याचा नादच लागला. त्यातली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. वरच्या यादीत पहिली, दुसरी आणि सातवी अशा तीन रकमांचा शेष शून्य आहे. या तिन्ही ओळी बेरजेतून गाळल्या तर एकूण रक्कम २,०५,८५३ येते, तिचे अंक २३ आणि शेष पुन्हा पाच. एक लाख दोन हजार एकशे अडुसष्ट रुपये गायब झाले तरी नवाचा ताळा जुळलेलाच राहतो. इतका मोठा फरक नजरेने कळेल असे आपण म्हणू. पण एकच ओळ, तीही मधली, गळली तर तो दर वेळी कळेलच असे नाही. म्हणून पट्ट्यांची संख्या मोजून कीर्दीतल्या ओळींशी जुळवणे हे ताळ्याच्याही आधीचे काम आहे.

गुणाकारात ही उणीव आणखी स्पष्ट दिसते. सहावी पट्टी १४.६० क्विंटल वजनाची होती आणि दर क्विंटलला १,७३५ रुपये होता. गुणाकाराचा ताळा असा करायचा : दोन्ही संख्यांचे शेष काढायचे, त्यांचा गुणाकार करून त्याचा शेष काढायचा, आणि तो उत्तराच्या शेषाशी जुळवायचा. दशांशचिन्हाकडे आणि शेवटच्या शून्याकडे लक्ष द्यायची गरज नाही, कारण त्याने अंकांच्या बेरजेत काही बदलत नाही. १४.६० चे अंक ११, शेष दोन. १,७३५ चे अंक १६, शेष सात. दोन सत्ते चौदा, शेष पाच. उत्तर २५,३३१, त्याचे अंक १४, शेष पाच. जुळले.

आता हाच गुणाकार नवशिक्या करतो तसा करू. १,७३५ ला १४६ ने गुणायचे आहे. सहाने गुणून १०,४१० ची पहिली ओळ लिहिली. चाराने गुणून ६,९४० आले. ही दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवून ६९,४०० म्हणून धरायला हवी, पण ती सरकवायची राहिली. तिसरी ओळ मात्र नीट दोन घरे सरकवून १,७३,५०० झाली. बेरीज १,९०,८५० येते, म्हणजे दशांशचिन्ह जागेवर बसवल्यावर पट्टीवर १९,०८५ रुपये. अंक मिळवले तर २३, शेष पाच. शेतकऱ्याला सहा हजार दोनशे शेहेचाळीस रुपये कमी लागले आणि ताळा जुळला! उभ्या मांडणीच्या गुणाकारात हमखास होणारी चूक हीच, ओळ सरकवायची राहणे, आणि ती दहापटीची चूक असल्यामुळे नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. त्याच कारणाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडले किंवा एक शून्य जास्त लागले तरीही तो काही बोलत नाही. इथे उपयोगी पडतो तो ढोबळ अंदाज : पंधरा क्विंटल सतराशेंनी म्हटले की साडेपंचवीस हजारांच्या आसपास, मग एकोणीस हजार कसे? अण्णा पट्टी लिहिण्याआधी हा अंदाज ओठांतल्या ओठांत म्हणत असत आणि मला ती त्यांची सवय वाटे. ती तपासणी होती हे उशिरा लक्षात आले.

नवाने तपासण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात ती दिलेली आहे. अकराचा ताळा पेढ्यांवर तितकासा दिसत नाही, पण आमच्या प्रकरणात त्यानेच काम केले असते, म्हणून तो थोडक्यात देतो.

अकराच्या ताळ्यात अंक नुसते मिळवायचे नाहीत. एकं स्थानापासून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, त्यापुढचा मिळवायचा, असे डावीकडे जायचे. उत्तर शून्याखाली गेले तर त्यात अकरा मिळवायचे. दहा हे अकरापेक्षा एकाने कमी आहेत आणि शंभर हे नव्व्याण्णवापेक्षा एकाने जास्त, म्हणून घरे आळीपाळीने उणे आणि अधिक होतात. या आळीपाळीमुळेच जागेला अर्थ राहतो. ५७,८७६ साठी सहा उणे सात, अधिक आठ, उणे सात, अधिक पाच, म्हणजे पाच. ५८,७७६ साठी सहा उणे सात, अधिक सात, उणे आठ, अधिक पाच, म्हणजे तीन. शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले की हा शेष बदलतोच, त्यातून सुटका नाही. आठही पट्ट्यांचे अकराचे शेष अनुक्रमे ८, ७, ९, ५, ३, ९, ७ आणि ६ आहेत. त्यांची बेरीज ५४, म्हणजे शेष दहा. ३,०८,०२१ चा शेषही दहाच येतो. कीर्दीतल्या ३,०८,९२१ चा येतो आठ. हा ताळा केला असता तर तिजोरी उघडण्याआधीच मी थांबलो असतो. सरकवायची राहिलेली ओळही तो पकडतो : २५,३३१ चा शेष नऊ आहे, तर १९,०८५ चा शून्य.

त्या दिवसानंतर अण्णा पट्टीच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहू लागले, वर नवाचा आणि खाली अकराचा. दोन्ही ताळे एकाच वेळी फसायला फरक नव्व्याण्णवाच्या पटीत असावा लागतो, आणि तेवढे पुरेसे आहे असे मला वाटत होते. मग त्यांनी पाचवी पट्टी पुढे केली. तिच्यावर ४२,८८१ होते. मधले एक घर सोडून सहस्र आणि दहं या घरांतले अंक त्यांनी आपापसांत बदलले आणि कागदावर ४८,८२१ लिहिले. फरक ५,९४०, म्हणजे नव्व्याण्णवाची साठपट. नवाचा शेष दोन्हींचा पाच, अकराचा दोन्हींचा तीन.

तेव्हापासून संध्याकाळी कीर्द बंद करण्याआधी एकाने पट्टी वाचायची आणि दुसऱ्याने कीर्दीतल्या ओळीवर टिंब द्यायचे, असा नेम पडला. आणि वाचताना “बेचाळीस हजार आठशे एक्क्याऐंशी” असे म्हणायचे नाही, चार, दोन, आठ, आठ, एक असे सुटे अंक म्हणायचे.